थांबून-थांबून बोलायचं भाषण: टप्पे कसे पाडावेत

प्रश्न: साहेबांची भाषणं मी लिहितो. पुढच्या महिन्यात मरोळच्या नव्या युनिटचं उद्घाटन आहे आणि जपानहून पाहुणे येणार आहेत. साहेब मराठीतच बोलणार, शेजारी दुभाषी उभ्या राहून जपानीत सांगणार. १५ मिनिटं मिळाली आहेत. नेहमीसारखं भाषण लिहून मध्ये मध्ये 'थांबा' असं टाकलं तर चालेल का? साधारण किती वाक्यांनी थांबायचं?

उत्तर:

लिहून झालेल्या भाषणात नंतर 'थांबा' पेरायला गेलात की ते हमखास चुकीच्या जागी पडतं. आधी टप्पे ठरवा, मग एकेका टप्प्यात काय बोलायचं ते लिहा. साहेब थांबले की सभागृहातले मराठी लोक पुढची वीस-पंचवीस सेकंद न कळणारी भाषा ऐकत बसतात. कुणी मोबाइल बघतं, कुणी शेजाऱ्याशी कुजबुजतं. साहेब पुन्हा बोलू लागतात तेव्हा आधीचं वाक्य कुणाच्याही कानात उरलेलं नसतं. जपानी पाहुण्यांचंही तसंच, फक्त त्यांची पाळी उलटी. म्हणून प्रत्येक टप्प्याची सुरुवात आधीचं काही आठवत नसलेल्या माणसालाही कळावी आणि त्याचा शेवट पुरा व्हावा. बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात.

आधी वेळेचा हिशोब करू, कारण पहिली चूक तिथेच होते. १५ मिनिटांतली निम्मी साहेबांची आणि निम्मी दुभाष्यांची, असं सगळे धरतात. प्रत्यक्षात तेवढीही मिळत नाहीत. साहेब थांबल्यापासून दुभाषी बोलू लागेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात आणि परत येतानाही तेवढीच. सोळा टप्पे धरले तर दीड मिनिट या ये-जा करण्यातच गेलं. टाळ्या, नमस्कार, पुष्पगुच्छ बाजूला ठेवणं यात आणखी दीड मिनिट धरा. उरली बारा, म्हणजे साहेबांच्या वाट्याला सहा. मंचावरून सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला शंभरेक मराठी शब्द बोलतो, म्हणून भाषण सहाशे शब्दांचं. एरवी १५ मिनिटांसाठी तुम्ही दीड हजार शब्द लिहीत असाल, तर त्यातले नऊशे जाणार. एवढी काटछाट प्रत्येक वाक्य थोडं थोडं आखडून होत नाही. अख्खे मुद्दे काढावे लागतात. कंपनीचा इतिहास, नव्या युनिटची माहिती, भागीदारीबद्दल आभार आणि पुढचं उद्दिष्ट या चारांपैकी तीनच ठेवा.

सहाशे शब्दांचे सोळा टप्पे म्हणजे टप्प्याला सरासरी पस्तीस-चाळीस शब्द, तीन-चार वाक्यं, वीस-पंचवीस सेकंद. दर वाक्याला थांबलं तर दुभाष्याचं काम सोपं होईल असं वाटतं, पण त्याने काम अवघड होतं. सुटं वाक्य ऐकून पुढे काय येणार ते कळत नाही. 'पहिलं वर्ष कठीण गेलं' हे तक्रार म्हणून सांगायचं की पुढच्या यशाची तयारी म्हणून, हे पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय ठरत नाही आणि जपानीत त्यावर वाक्याचा सूर बदलतो. शिवाय दर सहा सेकंदांनी माणूस बदलत राहिला की ऐकणाऱ्याला पिंगपाँग बघितल्यासारखं होतं. दुसऱ्या टोकाला, मुरलेला दुभाषी टिपणं काढून चार-पाच मिनिटांचं बोलणंही नीट उभं करतो. बैठकीच्या टेबलावर ते ठीक आहे. उद्घाटनाला दोनशे माणसं खुर्च्यांवर बसलेली असतात. त्यातल्या निम्म्यांना मिनिटभर काही कळलं नाही की खोकले आणि कुजबुज सुरू होते.

दुभाष्याच्या वहीत काय चालतं हे माहीत असेल तर लिहिणं सोपं जातं. तो शब्द उतरवून घेत नाही. कोणी, काय केलं, केव्हा, किती एवढं खुणांनी आणि आकड्यांनी टिपतो आणि एक विचार संपला की पानावर आडवी रेघ ओढतो. तुमचा प्रत्येक टप्पा त्या रेघेपाशी संपायला हवा. 'पण', 'कारण', 'तरीसुद्धा' असं म्हणून साहेब थांबले तर रेघ ओढता येत नाही. प्रश्न विचारून थांबले तरी तेच: 'हे कसं शक्य झालं?' असं विचारून पंचवीस सेकंद गप्प उभं राहणं नाटकात शोभतं, इथे त्यातली सगळी हवा निघून जाते. प्रश्न विचारायचाच असेल तर उत्तर त्याच टप्प्यात द्या.

आता एक उतारा घेऊ. नेहमीच्या भाषणात तो असा असतो:

'मित्रहो, १९९८ साली मरोळच्या एका छोट्याशा गाळ्यात अवघ्या दीड लाखाच्या भांडवलावर सुरू झालेल्या आणि आज दीडशे कामगारांच्या घामावर उभ्या असलेल्या आपल्या या कंपनीने, पहिल्याच भेटीत ज्यांनी आपल्यावर विश्वास टाकला त्या जपानी मित्रांच्या साथीने, गेल्या तीन वर्षांत रिजेक्शनचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून पाऊण टक्क्याच्या घरात आणलं, कारण टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे आपल्याला ठाऊक होतं.'

मराठी कानाला हे खटकत नाही. असं वाक्य आपण फेब्रुवारी ते मे दर रविवारी कुठल्या ना कुठल्या सभागृहात ऐकतो. दुभाष्याच्या बाजूने बघा. मुख्य क्रियापद 'आणलं' पार शेवटाकडे आहे. तोपर्यंत साल, जागा, रक्कम, माणसं, पाहुणे, टक्के हे सगळं लटकत ठेवावं लागतं. जपानीतही क्रियापद शेवटीच येतं, त्यामुळे शब्दक्रमाचा फार त्रास नाही, पण स्मरणावर ताण तेवढाच पडतो. सहा आकडे एका दमात आले की एखादा गळतो आणि तो नेमका टक्क्याचा असतो. उरली म्हण. मुंबईत 'टाकी' म्हटलं की आधी गच्चीवरची पाण्याची टाकी आठवते. दगड घडवायची छिन्नी हा अर्थ तरुण दुभाष्याला माहीत नसला तर मंचावर तो थबकणार.

हाच मजकूर तीन टप्प्यांत असा बसतो.

टप्पा ४: 'आमच्या कंपनीची सुरुवात १९९८ साली झाली. मरोळमधला एक लहान गाळा, दोन जुनी मोल्डिंग मशीन आणि चार कामगार, एवढंच आमच्याकडे होतं. आज या कंपनीत १५० माणसं काम करतात. त्या पहिल्या चौघांपैकी दोघं आज समोर बसले आहेत.'

टप्पा ५: 'तीन वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात हजार भाग तयार झाले की त्यातले ३५ तपासणीत बाद व्हायचे. जपानी इंजिनियरांनी आमच्याबरोबर मशीनपाशी उभं राहून प्रत्येक बाद भागाचं कारण शोधलं. आज हजारांमागे ८ बाद होतात.'

टप्पा ६: 'जपानी इंजिनियरांकडून आम्ही एक सवय उचलली. भाग बाद झाला की आम्ही आता माणसाला दोष देत नाही. आधी साचा तपासतो, मग तापमान, मग कच्चा माल. ही सवय या नव्या युनिटमध्येही राहील.'

काय बदललं ते पाहा. भांडवलाचा आकडा गेला, कारण पाहुण्यांना त्यातून काही कळणार नव्हतं. टक्क्यांच्या जागी 'हजारांमागे' आलं, ते दोन्ही भाषांत एकदा ऐकून डोळ्यांपुढे उभं राहतं. अंकांत लिहावे लागणारे आकडे एका टप्प्यात दोनाच्या वर नाहीत. सहाव्या टप्प्याची सुरुवात 'त्यांच्याकडून' अशी न करता 'जपानी इंजिनियरांकडून' अशी केली आहे. कागदावर ही पुनरुक्ती खटकेल आणि साहेबांचे सेक्रेटरी ती खोडायला जातील. खोडू देऊ नका. मधल्या पंचवीस सेकंदांत 'त्यांच्या' म्हणजे कोण हे मराठी श्रोताही विसरलेला असतो. प्रत्येक टप्प्याचा पहिला शब्द तपासा. 'तो', 'हे', 'त्यामुळे', 'म्हणूनच' यांपैकी काही दिसलं की तिथे नाव घाला.

टप्प्याचा शेवट तेवढाच महत्त्वाचा. मराठीत 'नाही' वाक्याच्या टोकाला येतं आणि कागदावरून नजर वर घेताना नेमकं तेच तोंडातल्या तोंडात विरतं. 'तारखा पुढे ढकलण्याचा आमचा विचार नाही' यातला शेवटचा शब्द माइकने पकडला नाही तर पाहुण्यांना उलटाच निरोप जातो. महत्त्वाचं वाक्य होकारार्थी लिहा: 'ठरलेल्या तारखांना माल पोहोचेल.' नकार टाळता येत नसेल तर तो टप्प्याच्या मधल्या वाक्यात ठेवा आणि शेवटी दुसरं काही ठळक येऊ द्या, जसं सहाव्या टप्प्यात केलं आहे.

मराठीतून सांगताना 'आपण' या शब्दावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवा. आपल्याकडे 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. समोरचा धरून 'आपण', वगळून 'आम्ही'. वर 'आपण बसावं' असा आदरार्थी 'तुम्ही'ही त्याच शब्दात. जपानीतल्या नेहमीच्या सर्वनामात आम्ही आणि आपण असा भेद नाही. 'आपण पुढच्या वर्षी दुसरी लाइन सुरू करू' हे साहेब स्वतःच्या कामगारांना उद्देशून म्हणाले आणि पाहुण्यांना वाटलं की आपल्यालाही पैसे घालावे लागणार, तर चहाच्या वेळी अवघडलेपण आलंच म्हणून समजा. प्रत्येक 'आपण' काढून 'आमची कंपनी', 'दोन्ही कंपन्या' किंवा 'तुमची कंपनी' यांपैकी जे खरं असेल ते लिहा.

आकड्यांचं गणितही वेगळं आहे. आपण लाख-कोटीत मोजतो, जपानी माणूस दहा हजारांच्या एककात मोजतो. दहा हजारांना ते 'मान' म्हणतात आणि दहा कोटींना 'ओकु'. आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा मान, आपला एक कोटी म्हणजे हजार मान. 'साडेचार कोटी' ऐकल्यावर दुभाष्याला ते साडेचार हजार मान करावे लागतात आणि माइक हातात असताना शून्याची चूक व्हायला वेळ लागत नाही. मिलियनमध्ये सांगून भागत नाही, तोही त्यांच्यासाठी तिसराच हिशोब. दुभाष्याच्या प्रतीत रक्कम पूर्ण अंकांत, ४,५०,००,००० अशी लिहा, म्हणजे त्या आधीच घरी जपानी आकडा काढून ठेवतील. 'पावणेदोन', 'अडीच', 'दीडशे' हे साहेबांच्या तोंडी चालतील, पण दुभाष्याच्या प्रतीत त्याशेजारी अंक हवेतच.

मुंबईच्या कारखान्यातल्या मराठीत निम्मे शब्द इंग्रजी असतात आणि ते जपानीतही असतील म्हणून आपण निर्धास्त राहतो. असतात, पण अर्थ बदलून. तिथे 'क्लेम' म्हणजे ग्राहकाची तक्रार. 'सर्व्हिस' अनेकदा दुकानदाराने फुकट दिलेल्या वस्तूला किंवा सवलतीला म्हणतात. जाणता दुभाषी यात फसत नाही, पण मराठी न समजणाऱ्या पाहुण्याच्या कानावरही साहेबांचा मूळ शब्द पडतोच. 'आमची सर्व्हिस' ऐवजी 'माल दिल्यानंतरची देखभाल-दुरुस्ती' असं लिहा. साहेब तरी 'सर्व्हिस' म्हणणार असतील तर दुभाष्यांना आधीच सांगून ठेवा.

सुरुवातीचा 'व्यासपीठावरील मान्यवर' हा भाग आपल्याकडे दोन मिनिटं चालतो. तो दोनदा ऐकवायचा म्हणजे पंधरातली चार गेली. एकच टप्पा ठेवा: पाहुण्यांच्या प्रमुखांचं आडनाव आणि पद, स्थानिक प्रमुख पाहुण्याचं नाव, बाकी 'व्यासपीठावरचे आणि समोरचे सर्व मित्र'. उरलेली नावं सूत्रसंचालक घेईल. जपानी आडनावं साहेबांच्या प्रतीत देवनागरीत लिहा आणि उच्चार दुभाष्यांकडून फोनवर एकदा ऐकून घ्या. इंग्रजी स्पेलिंगवरून लिहिलेल्या उच्चारात ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि त्याने जपानीत नावच बदलू शकतं. आडनावामागे 'सान' लावा, फक्त साहेबांच्या स्वतःच्या किंवा आपल्या कंपनीतल्या माणसांच्या नावाला लावू नका.

म्हण, अभंगाची ओळ, विनोद हे सगळं टाकून द्या असं मी म्हणणार नाही. त्यांच्याशिवाय साहेब साहेबांसारखे वाटणार नाहीत. पण एकच ठेवा आणि त्याला स्वतंत्र टप्पा द्या: साहेब ओळ म्हणतील, लगेच साध्या मराठीत तिचा अर्थ सांगतील आणि थांबतील. दुभाषी ओळीचा नाद सोडून तो अर्थ सांगतील. विनोदात हशा दोनदा येतो. आधी मराठी लोक हसतात आणि पाहुणे ओशाळून बघत राहतात, वीस सेकंदांनी पाहुणे हसतात. शब्दावरची कोटी असेल तर दुसरा हशा येतच नाही. प्रसंगातून आलेली गंमत मात्र पोहोचते. पहिल्या मोल्डिंग मशीनला पावसाळ्यात छत्री धरावी लागायची, हे कुठल्याही भाषेत दिसतं.

आता कागदाबद्दल. साहेबांच्या प्रतीत एका पानावर दोनच टप्पे, अक्षर १८ पॉइंट, टप्प्याला वर ठळक क्रमांक. टप्पा पानाच्या शेवटी तुटून पुढच्या पानावर जाता कामा नये, कारण पान उलटताना साहेब थांबतात आणि दुभाष्याला वाटतं आपली पाळी आली. 'थांबा' हा शब्दही लिहू नका, कुणी तरी तो वाचून टाकतं. जाड आडवी रेघ पुरे. टप्प्याचे शेवटचे दोन-तीन शब्द अधोरेखित करा, म्हणजे तिथे आवाज टिकवायचा आहे हे साहेबांच्या लक्षात राहील. दुभाष्यांच्या प्रतीत तेच टप्पे, तेच क्रमांक आणि उजवीकडे तिसरा हिस्सा समास कोरा. सोबत एका पानावर नावं, पदं, अंकांतल्या रकमा आणि कारखान्यातले शब्द. हे चार दिवस आधी पाठवा. नंतर बदल केलात तर नुसती नवी प्रत पाठवू नका, कुठल्या क्रमांकाचा टप्पा बदलला ते कळवा.

क्रमांकांचा खरा उपयोग गडबड झाल्यावर कळतो. प्रत हातात असली की दुभाषी भाषण आधीच जपानीत लिहून आणतात, ते चांगलंच. पण साहेबांनी ऐनवेळी नववा टप्पा गाळला आणि दुभाषी लिहिलेलंच वाचत गेल्या, तर दोघं दोन वेगळी भाषणं करू लागतात. मराठी श्रोत्यांना ते कळत नाही आणि पाहुण्यांनाही नाही, टाळ्या मात्र भलत्या जागी पडतात. साहेबांना सांगून ठेवा: टप्पा गाळायचा असेल तर दुभाष्यांकडे बघून हलक्या आवाजात 'दहा' म्हणायचं. प्रतीबाहेरचं बोलायचं असेल तर दोन वाक्यांवर थांबायचं. बाहेरचं बोलणारच हे गृहीत धरा. समोर जुना कामगार दिसला की कोण थांबतं!

एक तालीम पुरते, पण ती मोठ्याने करा. साहेब टप्पा वाचतील, मग तुम्ही घड्याळ बघून तेवढीच सेकंदं गप्प बसाल, मग पुढचा टप्पा. ती शांतता साहेबांना असह्य होते आणि ते 'हं', 'तर मग' असं काही बोलू लागतात. ती सवय इथेच मोडायची. त्या वेळात कागद चाळायचा नाही, पाहुण्यांकडे बघायचं. पाण्याचा घोट घ्यायला हरकत नाही. दोन माइक आहेत का हे सभागृहात आदल्या दिवशी बघा. एकच माइक हातोहात फिरला तर वर धरलेल्या दोन-तीन सेकंदांची पाच-सहा होतात आणि दर टप्प्याचे पहिले दोन शब्द हवेत जातात.

शेवटचा टप्पा एकाच वाक्याचा लिहा. सभागृहात शेवटचा आवाज दुभाष्यांचा असणार आहे. साहेबांनी दणकेबाज समारोप केला की मराठी लोक तिथेच टाळ्या वाजवून उठायला लागतात आणि जपानी वाक्य खुर्च्यांच्या आवाजात बुडतं. 'नव्या युनिटमधला पहिला भाग तुमच्या हाती देताना मला आनंद होईल' एवढं बोलून साहेबांनी थांबावं, दुभाष्यांचं जपानीत होऊ द्यावं आणि मग स्वतः पुढे होऊन 'आरिगातो गोझाइमास, धन्यवाद' म्हणावं. 'गोझाइमासु' असं लिहू नका, शेवटचा उ जवळजवळ ऐकूच येत नाही.